चाळीस तास कोणी मोजले?

दिवाळी महिन्यावर आली की माझ्या फोनवर मेणबत्त्यांचे फोटो यायला लागतात. आमची वहिनी जळगावात घरीच सुगंधी मेणबत्त्या करते आणि फोटोखाली काय लिहायचं हे काम नणंदेच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. मागच्या वर्षी मी लिहिलं होतं: 'प्रकाशाच्या या पर्वात घराला द्या अस्सल मोगऱ्याचा दिव्य स्पर्श! प्रेमाने घडवलेली, ताण घालवणारी, तब्बल चाळीस तास जळणारी.' लिहून मी खूश. धुळ्याच्या मावशींनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "इतलं लिखेल शे, पन हाई जयस कितला येळ?"

"चाळीस तास, मावशी. लिहिलंय ना."

"मोजले कोणी?"

कोणीच मोजले नव्हते. दुसऱ्या कुणाच्या तरी जाहिरातीत चाळीस होते, म्हणून आमचेही चाळीस.

मग एका संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. हे कुणालाही घरी करता येतं म्हणून सविस्तर सांगते. जारमध्ये मेण 180 ग्रॅम, काचेसकट वजन भरलं 412. पंखा बंद करून, वात लावून बरोबर चार तास ठेवली, विझवली, गार झाल्यावर परत काट्यावर. 388. म्हणजे चार तासांत 24 ग्रॅम मेण जळलं, तासाला सहा. 180 ला सहाने भागलं की तीस तास येतात. मी लगेच 'तीस' लिहायला घेतलं, तर वहिनीने हात धरला. तळाचं शेवटचं सेंटीमीटरभर मेण जाळायचं नसतं, काच तापून तडकू शकते. आमचा जार सात सेंटीमीटर रुंद, त्यात सेंटीमीटरभर थर म्हणजे साधारण 34 ग्रॅम मेण. ते वजा केलं की उरतात 146 ग्रॅम, आणि तास होतात चोवीस.

चाळीसचे चोवीस! वहिनीचा चेहरा उतरला. पण मला उलट हा आकडा आवडला. दिवाळीत रोज संध्याकाळी तीन तास लावली तरी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पुरून उरते. भेट देणाऱ्याला हेच कळायला हवं असतं. नुसते 'चाळीस तास' कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत, 'भाऊबीजेपर्यंत पुरेल' हे येतं.

त्याच काट्यावर आमची आणखी एक चोरी पकडली गेली. आम्ही वजन 'सुमारे 400 ग्रॅम' लिहीत होतो. त्यातले सव्वादोनशेच्या वर ग्रॅम नुसती काच. निव्वळ वजन म्हणजे आतल्या मालाचं, हे किराणा दुकानदारालाही ठाऊक असतं आणि आम्ही दोघी पदवीधर बायका काच विकत होतो.

आता मोगरा. मोगऱ्याच्या फुलांचा खरा अर्क इतका महाग असतो की साडेतीनशे रुपयांच्या मेणबत्तीत तो पुरेसा घालणं परवडतच नाही. वहिनी वापरते ते फ्रॅग्रन्स ऑइल, मेणाच्या वजनाच्या आठ टक्के, म्हणजे एका जारला तेरा-चौदा ग्रॅम. वास छान येतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण 'अस्सल' आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द गेले. ज्यांचं मेण सोया आणि पॅराफिनचं मिश्रण असतं त्यांनी 'सोया मेणबत्ती' एवढंच लिहून थांबू नये, मिश्रण आहे म्हणून सांगावं. 'ताण घालवते, झोप आणते' हे तर मी स्वतःच खोडलं. ते औषधाचं बोलणं झालं, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. पण खरं सांगू? दंडापेक्षा मावशींची भीती जास्त.

मग मूड कसा लिहायचा? माझं मत असं की मेणबत्ती माणसाला काय करते ते लिहूच नये, ती कधी लावावी ते लिहावं. दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरात चकलीचं तळण, उदबत्ती आणि बाहेरून फटाक्यांचा धूर, सगळं एकदम असतं. त्या गर्दीत एका वातीच्या मोगऱ्याचं काय चालणार? मोठ्या हॉलमध्ये तर वास हरवूनच जातो. ती रात्रीची वस्तू आहे. फराळाचे डबे झाकले, पाहुणे गेले, मागच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोघी जणी पाय पसरून बसल्या, तेव्हाची. एवढं लिहिलं की पुरे, 'प्रसन्नता' वगैरे वाचणारा स्वतः घालून घेतो.

आणि पंखा! खान्देशात ऑक्टोबरमध्ये पंखा बंद करायला सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. पण पंख्याखाली ज्योत फडफडते, जारच्या कडेला काजळी धरते आणि मेण एकाच बाजूने वितळतं. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने काळ्या जारचा फोटो पाठवून पैसे परत मागितले. दुसरीने लिहिलं, 'वर बुरशी आली आहे.' ती बुरशी नव्हती. सोया मेणावर पांढरट कणीदार थर येतो, थंडी-उन्हाच्या फरकाने जास्तच. वासाला आणि जळण्याला त्याने काही होत नाही. पण आम्ही आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पैसे परत द्यावे लागले आणि चूक आमचीच होती. जारचं सोया मेण पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा भर दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेल्या पार्सलचं काय होतं तेही लिहायला हवं होतं.

'हाताने बनवलेली' याबद्दलही थोडं. हे सगळेच लिहितात, त्यामुळे आता त्याचा अर्थच उरला नाही. वहिनी काय करते तेवढं सांगितलं तरी कारागिरी दिसते: मेण वितळवून त्यात सुवास घालते, दोन मिनिटं सावकाश ढवळते, वात मधोमध धरून ओतते आणि मग दोन आठवडे झाकण लावून ठेवून देते. वास मेणात मुरायला तेवढे दिवस लागतात. लोणच्यासारखंच. म्हणून धनत्रयोदशीला फोन करून 'उद्या पन्नास पाहिजेत' म्हणणाऱ्यांना आमच्याकडे नकार मिळतो.

यंदाचा मजकूर असा झालाय:

'मोगऱ्याच्या सुवासाची सोया मेणबत्ती. मेण 180 ग्रॅम, जारचं वजन वेगळं. सुवासासाठी फ्रॅग्रन्स ऑइल. सुमारे 24 तास जळते; रोज तीन तास लावली तर वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पुरते. फराळ आवरल्यावर, लहान खोलीत लावण्यासाठी. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्या, अडीच-तीन तास लागतील. आधीच विझवली तर पुढे मधोमध खड्डा पडत जातो. दर वेळी वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापा. पंख्याखाली लावू नका आणि एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको. तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबा. वर पांढरट थर दिसला तर तो सोया मेणाचा गुण आहे. पार्सल आल्यावर उन्हात ठेवू नका. ओतल्यानंतर दोन आठवडे मुरवलेली. वहिनीने प्रेमाने केलेली.'

शेवटचं वाक्य माझं नाही. मी दोनदा खोडलं, तिने दोनदा परत घातलं. पन्नास जार ओतून हात भाजलेली ती आहे, म्हणून राहू दिलं.