चार व्होल्ट हरवले नाहीत, ते दुसऱ्या डब्यात आहेत

आधीच चार्ज असलेला कपॅसिटर लाप्लासमध्ये 1/sC आणि V₀/s च्या सिरीज जोडीने, किंवा 1/sC ला पॅरलल CV₀ च्या करंट सोर्सने दाखवता येतो, असं मी लिहिलं होतं; V₀ म्हणजे त्यावरचं सुरुवातीचं व्होल्टेज. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: "तुमच्या मॉडेलने गणित केलं. १० व्होल्टचा स्टेप, १० किलोओहम, १०० मायक्रोफॅरड, कपॅसिटरवर आधीचे ४ व्होल्ट. I(s) ला 1/sC ने गुणलं तर व्होल्टेज शून्यापासून सुरू होऊन ६ वर थांबतं. सिम्युलेटरमध्ये १० व्होल्टची आडवी रेघ येते. आणि CV₀ चा करंट सोर्स? फॅरड गुणिले व्होल्ट म्हणजे कूलॉम, अँपिअर नव्हे. मॉडेलच चुकीचं आहे."

तुमचा करंट बरोबर आहे. चूक त्याच्या पुढच्या पायरीत आहे, आणि तिला माझी आकृतीही थोडी जबाबदार आहे, कारण कपॅसिटरची दोन टोकं कुठली हे मी तिच्यात दाखवलं नव्हतं.

i = C·dv/dt चं लाप्लास रूपांतर केलं की I = sCV − CV₀ मिळतं. त्यातून V मोकळा केला की

```
V(s) = I(s)/(sC) + V₀/s
```

उजवीकडची दोन्ही पदं मिळून एक कपॅसिटर होतो. आकृतीत 1/sC चा डबा आणि V₀/s चा सोर्स असे दोन भाग सिरीजमध्ये दिसतात, पण खऱ्या कपॅसिटरच्या दोन पायांच्या मध्ये हे दोन्ही भाग येतात. तुम्ही फक्त पहिल्या डब्यावरचं व्होल्टेज मोजलंत. तुमच्याच आकड्यांत RC = १ सेकंद, म्हणून

```
I(s)  = (10/s − 4/s) / (10⁴ + 10⁴/s) = 6×10⁻⁴/(s+1)
Vc(s) = 4/s + 6/(s(s+1)) = (4s+10)/(s(s+1))
vc(t) = 10 − 6e⁻ᵗ
```

सुरुवातीला ४, शेवटी १०, एका सेकंदाला साधारण ७.७९ व्होल्ट. उलट रूपांतर करण्याआधीच हे तपासता येतं: s·Vc मध्ये s अनंताकडे नेला की ४ यायला हवेत, शून्याकडे नेला की १०. तुमच्या 6/(s(s+1)) ला हीच कसोटी लावली तर ० आणि ६ येतात, म्हणजे गडबड तिथेच कळते.

सोर्सची दिशाही बघा. V₀/s चं धन टोक कपॅसिटरच्या धन पायाकडेच ठेवायचं. लूपमध्ये ते स्टेपच्या विरुद्ध उभं राहतं, म्हणून करंटमध्ये १० − ४ आले. ते उलटं लागलं तर १४ होतात, करंट ०.६ ऐवजी १.४ मिलिअँपिअरवर सुरू होतो आणि कपॅसिटर −४ पासून चढतो. गणितात तेही चालतं, पण १०० मायक्रोफॅरडचा बहुधा इलेक्ट्रोलिटिक असतो, आणि त्याला उलटे ४ व्होल्ट देऊन बघू नका.

आता एककं. CV₀ कूलॉम आहे, हे अगदी खरं. पण I(s) तरी अँपिअरमध्ये कुठे असतो? रूपांतर म्हणजे वेळेवरचं इंटिग्रेशन, त्यामुळे I(s) चं एकक अँपिअर-सेकंद, म्हणजे कूलॉमच. V(s) तसंच व्होल्ट-सेकंद, म्हणून V₀/s सुद्धा बसतो. CV₀ वेळेत परत आणला की तो इम्पल्स होतो: रिकाम्या कपॅसिटरवर t = 0 ला एका फटक्यात ४०० मायक्रोकूलॉम टाकले, तो ४ व्होल्टवर गेला. नोडचं समीकरण यानेच सोपं पडतं:

```
(Vc − 10/s)/R + sC·Vc = C·V₀
```

दोन्ही बाजू R ने गुणा: (1+s)Vc = 10/s + 4. उत्तर वरचंच.

या पॅरलल मॉडेलमध्ये मात्र तुमच्या चुकीचं जुळं भावंड दबा धरून बसलेलं असतं. इथे व्होल्टेज थेट बरोबर मिळतं, पण करंट म्हणून नुसता sC·Vc घेतला तर १०⁻⁴(४ + ६/(s+1)) येतं. त्यातला सुटा स्थिरांक वेळेत इम्पल्स होतो. रेझिस्टरमधून असा इम्पल्स जायचा तर त्यावर अनंत व्होल्टेज लागेल, आणि सर्किटमध्ये आहेत जेमतेम १० व्होल्ट. CV₀ वजा केला की करंट ताळ्यावर येतो. सिरीज मॉडेलमध्ये करंट आयता मिळतो आणि व्होल्टेजला बेरीज लागते; पॅरललमध्ये व्होल्टेज आयतं मिळतं आणि करंटला वजाबाकी लागते. म्हणून जे काढायचंय त्यावरून मॉडेल निवडा.

राहिली ती आडवी रेघ. स्पाइस ट्रान्झिएंटच्या आधी डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढतो. तेव्हा कपॅसिटर ओपन धरला जातो, करंट शून्य, म्हणून सगळे १० व्होल्ट त्याच्यावर. IC=4 लिहिलं तरी .tran च्या ओळीत uic नसेल तर तो तेच करतो. स्पाइस फाइलची पहिली ओळ शीर्षक म्हणून सोडून देतो, म्हणून तिथे एक शीर्षक ठेवा.

```
* RC step, V0 = 4
V1 1 0 10
R1 1 2 10k
C1 2 0 100u IC=4
.tran 10m 5 uic
.end
```

हे चालवा आणि नोड २ बघा. एका सेकंदाला ७.७९ च्या आसपास आकडा दिसला नाही, तर तुमची नेटलिस्ट इथे टाका.