दोन टक्के घट म्हणे!

शनिवारी दुपारी सराफाच्या पेढीत दीड तास बसले होते. आत जाताना पर्समध्ये आईच्या पाटल्या होत्या, बाहेर पडताना गुलाबी कागदात गुंडाळलेली सोन्याची एक लगड होती. मधल्या दीड तासात मी प्रश्न विचारला की काउंटरवरचा मुलगा मागच्या भिंतीकडे बोट दाखवायचा. "मॅडम, तिथं सगळं लिहिलंय."

लिहिलंय खरं. लॅमिनेट केलेली पाटी, वर ठळक अक्षरात 'जुने दागिने परत घेण्याचे नियम'. आमच्या पेढीचा दागिना बदलीस दिल्यास घट नाही. रोख मोडीस घट २ टक्के. हॉलमार्क नसलेला दागिना आटवून, टंच काढून हिशेब होईल. खडे, लाख, मणी, मीना यांचे वजन वजा होईल. घडणावळ आणि जीएसटी परत मिळणार नाही. मूळ बिल आवश्यक. भाव त्या दिवशीच्या खरेदी दराने. आणि सगळ्यात खाली ते वाक्य, जे कुठंही वाचलं तरी माझं डोकं उठतं: 'पेढीचा निर्णय अंतिम राहील.'

दोन टक्के आधीच ठाऊक होते, म्हणून मी घरूनच हिशेब करून गेले होते. पाटल्या चाळीस ग्रॅमच्या, बाबांनी २००९ मध्ये ह्याच पेढीतून घेतलेल्या. बिल आहे, त्यावर '२२ कॅरेट' लिहिलंय, पेढीचा शिक्का आहे. मुलीची कॉलेजची फी भरायची म्हणून मोडायच्या होत्या, आईनं आपणहून काढून दिल्या होत्या. बोलताना सोपं पडावं म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला दहा हजार धरू. म्हणजे चार लाख, दोन टक्क्यांचे आठ हजार गेले, हातात तीन लाख ब्याण्णव हजार. सरळ हिशेब.

शेवटी हातात टेकवत होते तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे तीस. चार लाखांतून एकवीस हजार सातशे सत्तर रुपये गायब. दोन टक्के नाहीत हे, साडेपाच टक्के होतात. आणि पाटीवरचा एकही शब्द खोटा नाही! राग आहे तो ह्याचाच.

कसं झालं ते सांगते. आधी टंच, म्हणजे शंभरात चोख सोनं किती, ते बघायला पाटल्या मशीनखाली धरल्या. एका जागी ९१.१ आलं, पेचाजवळ ९०.२. ते मशीन वरवरचाच थर बघतं, आतलं त्याला कळत नाही, आणि जिथं जोडायला डाग दिलेला असतो तिथं आकडा पडणारच. मुलगा म्हणाला, "आटवावं लागेल, इथं सही करा." सहीच्या वर बारीक अक्षरात होतं की आटवल्यावर दागिना दागिन्याच्या रूपात परत मिळणार नाही. म्हणजे टंच किती निघेल, भाव काय लावतील, हे कळायच्या आधीच मी पाटल्या घालवून बसायचं. कसलाही व्यवहार असा असतो का? भाजीवालीसुद्धा आधी भाव सांगते आणि मग जुडी सोडते.

भांडून आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले, म्हणून निदान बघायला तरी मिळालं. कारागिरानं पाटल्या कात्रीनं कापल्या. तो आवाज अजून कानात आहे. तुकडे मुशीत टाकले, वर चिमूटभर टाकणखार, आणि गॅसची ज्योत. आधी काळपट झालं, मग लाल, मग एकदम सगळं मिळून एक थरथरणारा पिवळा गोळा झाला. तो साच्यात ओतला, पाण्यात विझवला, पुसून काट्यावर ठेवला: एकोणचाळीस ग्रॅम बहात्तर. म्हणजे अठ्ठावीस शतांश ग्रॅम गेलं. मळ जळतो, त्या काळचा केडीएमचा डाग असेल तर त्यातलं कॅडमियम उडून जातं, हे मला मान्य आहे. पण मुशीच्या तळाशी टाकणखाराची काच साचली होती आणि तिच्यात बारीक पिवळे कण दिसत होते. "हे कुणाचं?" विचारलं तर कारागीर शेठकडे बघायला लागला आणि शेठ मोबाइलकडे. सराफाच्या दुकानातला झाडलेला कचरासुद्धा विकत घेणारे असतात, कारण त्यातून सोनं निघतं. ते कण काही फेकून देणार नव्हते.

लगडीचं टंच आलं ९०.८. त्या हिशेबानं चोख सोनं छत्तीस ग्रॅम सात शतांश. इथपर्यंत मी गप्प होते. आता कॅल्क्युलेटर आला, तो नेहमीसारखा त्यांच्याकडे तोंड करून. मी तो ओढून माझ्याकडे वळवला.

बाहेरच्या बोर्डावर चोविसाचा भाव दहा हजार नऊशे आणि ह्यांनी लावला दहा हजार सातशे. का? "तो विक्रीचा भाव, हा खरेदी दर." मग तो खरेदी दर लिहिलाय कुठं? कुठंच नाही. बोर्डावर नाही, पाटीवर नाही, तो शेठच्या तोंडात आहे. पाटीवर 'त्या दिवशीच्या खरेदी दराने' एवढे चार शब्द आहेत आणि त्या चार शब्दांत माझे सात हजार दोनशे रुपये गेले. दुकानाला खर्च आहे, नफा हवा, मान्य. मग आकडा लिहा ना विक्रीच्या आकड्याशेजारी! आणि एवढं करून झाल्यावर, त्या रकमेवर, दोन टक्के घट. आणखी सात हजार सातशे.

मी विचारलं, ही घट कशाची? मळ जळला तो वजनातून गेला. हिणकस होतं ते टंचातून गेलं. खरेदी-विक्रीतला फरक भावातून घेतलात. आता उरलेलं चोख सोनं आहे, त्यात घटायचं काय राहिलंय? मुलगा पुन्हा भिंतीकडे बोट दाखवायला लागला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. तीन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघू देत.

आमच्या शेजारच्या तात्यांनी उभी हयात गलाईच्या धंद्यात काढली. खानापूर-आटपाडीकडचे हे लोक सोनं गाळायला देशभर जातात, तात्या बत्तीस वर्षं तमिळनाडूत होते. संध्याकाळी त्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरी, घट ही अंदाजाची किंमत होती. पूर्वी सराफ कसोटीवर रेघ ओढायचा आणि नजरेनं कस सांगायचा. आत किती डाग, किती भेसळ, गाळल्याशिवाय कळायचं नाही. गाळल्यावर कमी निघालं तर नुकसान त्याचं, म्हणून तो आधीच थोडं कापून घ्यायचा. आता तुझ्यासमोर गाळलं, टंच काढलं, मग अंदाज राहिला कुठं? एक तर अंदाजानं घ्यावं आणि घट कापावी, नाहीतर गाळून घ्यावं आणि घट सोडावी. दोन्ही कसं?" हे मला त्या काउंटरवर सुचायला हवं होतं. जिवाचा नुसता संताप होत होता, पण नेमका शब्द सापडत नव्हता.

आणि टंचाचंच घ्या. बिल ह्यांचं, शिक्का ह्यांचा, त्यावर बावीस कॅरेट लिहिलेलं ह्यांनीच. बावीस म्हणजे ९१.६. निघालं ९०.८. दागिना दुसऱ्या पेढीचा असता तर मी चकार शब्द काढला नसता. पण बाबांनी ह्यांना पूर्ण बावीसचे पैसे मोजले आणि आता तेच म्हणतात की तुमच्या सोन्यात कमी आहे, म्हणून कापतो! कमी तुम्हीच दिलंत आणि भुर्दंडही आम्हीच भरायचा? शेठ म्हणाले, "ताई, तेव्हा डाग असायचाच, सगळे तसंच विकायचे." मग तसं बिलावर लिहायचं होतं. आज हॉलमार्कच्या दागिन्यात कमी निघालं तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो, नियमच आहे. पण हॉलमार्क सक्तीचा झाला जून २०२१ पासून. त्याच्या आधी विश्वासानं घेतलेल्यांचं काय? घराघरांतल्या डब्यांत जे सोनं आहे ते तर बहुतेक तेव्हाचंच आहे.

लाखेचं वजन वजा करतात त्याबद्दल मी बोलायला लागले तर रात्र पुरणार नाही. सासूबाईंची बोरमाळ अशीच मोडली होती, दुसऱ्या एका पेढीत. बिलावर वजन एकच, अठरा ग्रॅम. मणी पोकळ, आत लाख. मोडताना लाख काढून सोनं भरलं अकरा ग्रॅम. घेताना लाख सोन्याच्या भावानं तोलली आणि देताना तीच लाख कचरा झाली. त्या माउलीनं कुणाला काही विचारलं नाही, घरी येऊन देवासमोर बसून राहिली. आता निदान हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहावं लागतं. ते नसेल तर बिल हातात घेऊ नका, तिथंच परत द्या.

अजून एक शिकले, उशिरा शिकले. हॉलमार्किंग सेंटरवर आपण स्वतः आपला दागिना तपासायला नेऊ शकतो, चार नगांपर्यंत दोनशे रुपये लागतात. तो रिपोर्ट घेऊन पेढीत गेले असते तर सही करण्याआधीच आकडा हातात असता. आटवू द्यायचं की नाही हे मी ठरवलं असतं, भिंतीवरच्या पाटीनं नाही.

शेवटी मी पैसे घेतले नाहीत. लगड मागितली. "आटवणावळ द्यावी लागेल," म्हणाले, तीही दिली. वजन आणि टंच चिठ्ठीवर लिहून द्या म्हटलं तर 'आम्ही असं लिहून देत नाही'. लिहून देत नाही! आम्ही बिल जपायचं सोळा-सोळा वर्षं, नाही सापडलं तर वर आणखी घट, आणि ह्यांना दोन आकडे कागदावर लिहवत नाहीत. तिथंच उभी राहिले. दुकान भरलेलं होतं, त्यामुळे दहा मिनिटांत चिठ्ठी मिळाली, शिक्क्यासकट.

सोमवारी तात्या बरोबर येणार आहेत, त्यांच्या ओळखीच्या एकाकडे. तो टंचावर बोर्डाच्या भावाला ग्रॅममागे शंभर कमी धरतो, वेगळी घट नाही, आणि हे फोनवरच सांगितलं. फीची मुदत बुधवारची आहे.

घरी आल्यावर आईनं कागद उलगडला. चाळीस ग्रॅम सोनं गाळलं की अंगठ्याएवढं होतं, मलाही माहीत नव्हतं. तिनं लगड तळहातावर घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "दोन्ही मिळून एवढीशीच?" मग दुसऱ्या हातानं रिकामं मनगट चोळत बसली.