‘बरोबर’ नाव कुठलं?

जळगावात भाषांतर आणि दुभाषांचं ऑफिस थाटणाऱ्याला पहिलं नाव सुचतं ते ‘अचूक’. मराठीत झकास, हिंदीतही चालतं. पण नंदुरबार ओलांडून सुरतेला गेलं की गुजरातीत त्याचा अर्थ होतो ‘नक्की, न चुकता’. काम होणार एवढी खात्री पटते. कसं होणार, ते देव जाणे. ‘सही’ ठेवावं, तर हिंदीत ते योग्य आणि मराठी-गुजरातीत स्वाक्षरी. लोक नोटरी समजून स्टॅम्प पेपर घेऊन दारात.

मग आमच्या डोक्यात ‘बरोबर’ घोळू लागतं. इथे परीक्षा साधी, पण जीव काढणारी. गिऱ्हाइकांच्या प्रत्येक लिपीत नाव लिहायचं आणि त्या भाषेच्या माणसाला, अर्थ न सांगता, मोठ्यानं वाचायला लावायचं. मग एकच प्रश्न: हे दुकान कशाचं? गुजराती भाई खूश, ‘बराबर’ म्हणजे योग्यच. हिंदीवाला म्हणतो, समान. बंगाल्याला ‘बराबर’ म्हणजे नेहमी, शिवाय अर्जाच्या माथ्यावर साहेबाच्या हुद्द्याआधी लिहायचा शब्द. तमिळमध्ये प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे वाचणारा ‘परोपर’ म्हणून पुढे परोपकाराची, म्हणजे फुकट कामाची, अपेक्षा करू शकतो. ईमेलच्या पत्त्यासाठी रोमनमध्ये Barobar लिहिलं, की हायवेवरच्या माणसाला शेवटचा bar तेवढा दिसतो. आणि फोन उचलून “हॅलो, बरोबर!” म्हटलं, की धुळ्याहून आवाज येतो, “काय बरोबर शे भाऊ?”

ट्रेडमार्कचं दालन वेगळं. भाषांतर सेवा वर्ग 41 मध्ये येते, आणि सेवेचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावावर 1999 च्या कायद्याच्या कलम 9 खाली हरकत निघते. म्हणजे ‘अचूक भाषांतर’ जितकं स्पष्ट, तितकं तुमच्या एकट्याच्या मालकीचं होणं अवघड.

आमचा कौल ‘यथार्थ’ला, तोही शेजारी स्वतःचं काहीतरी वेगळं जोडून, कारण एकटा ‘यथार्थ’ही वर्णनच ठरू शकतो. हिंदीत तो वास्तव, बंगालीत ‘जथार्थ’ म्हणजे योग्य, तमिळमध्ये ‘यदार्त्तम्’ म्हणजे वास्तव. उच्चार बदलतो, पण अर्थ कुठेच अंगाशी येत नाही.

अंगाशी येतो तो रफार. फ्लेक्सवाल्याचं जुनं सॉफ्टवेअर जोडाक्षर जुळवत नाही, अक्षरं टाइप झाली त्याच क्रमानं मांडतं, आणि बोर्ड येतो ‘यथार्‌थ’. म्हणून मजकूर व्हॉट्सअपवर टाइप करून पाठवू नये. अक्षरांचे आकार गोठवलेली पीडीएफ द्यावी, छपाईआधी नमुना मागवावा, आणि कन्नड, तमिळ ओळी त्या त्या वाचकाला दाखवाव्यात. फ्लेक्सवाला वैतागून म्हणेल, “साहेब, कोण वाचतंय एवढं?” त्याला सांगावं, आमची गिऱ्हाइकं तेवढंच वाचतात.