समीकरणाचा फोटो आणि डोक्याला ताप

पानाचा फोटो काढून मजकूर उचलला की रासायनिक समीकरणाची दरवेळी तीच वाट लागते! खालचा बारीक आकडा ओळीत आला तर एक वेळ चालतं, `H2O` सगळ्यांना कळतं. पण सल्फेटचा भार ओळीत आला की होतं `SO42-`. मग यात ऑक्सिजन चार की बेचाळीस? भाराआधी टोपी द्या ना, `SO4^2-`, विषय संपला.

त्याहून संतापजनक म्हणजे क्लोरीन. `Cl` मधला स्मॉल एल कधी एक होतो, कधी कॅपिटल आय. `CI` तर बऱ्याच फॉन्टमध्ये डोळ्यांना वेगळा दिसतच नाही! केस जुळवून `CI` आणि `C1` शोधा. मात्र `C12H22O11` सारखी खरी सूत्रं असतात, म्हणून सरसकट बदलू नका.

```
2KMnO4 + 16HCl -> 2KCl + 2MnCl2 + 8H2O + 5Cl2
```

इथे डावीकडे क्लोरीन 16, उजवीकडे 2 + 4 + 10, म्हणजे 16. `MnCl2` मधला शेवटचा 2 गळाला तर उजवीकडे 14 भरतात आणि चोर लगेच सापडतो. एवढं मोजायला मिनिटही लागत नाही, तरी कुणी मोजत नाही!

बाणाची चूक मात्र मोजून सापडत नाही. उलटसुलट दुहेरी बाणाचा `=` किंवा `->` होतो, अणू तंतोतंत जुळतात आणि समतोल अभिक्रिया एकेरी होऊन बसते. तिथे मूळ फोटो बघून हातानेच `<=>` टाका. बाणावरचं तापमान वरच्या ओळीत पळालेलं असतं, तेही समीकरणाशेजारी कंसात आणा.