पाच तारे आणि गार चहा

आमच्या कार्यालयात लेखा शाखेतील ३१ जणांना दोन दिवसांचे एक्सेल प्रशिक्षण देण्यात आले आणि अभिप्राय गोळा करण्याचे काम, त्या दिवशी मी रजेवर असल्यामुळे, एकमताने माझ्याकडे सोपवण्यात आले. मी एक सुबक अर्ज तयार केला. प्रशिक्षक कसे वाटले, साहित्य कसे वाटले, व्यवस्था कशी वाटली, अशा प्रत्येक प्रश्नापुढे पाच तारे आणि तळाशी ‘सूचना असल्यास लिहाव्यात’ अशी एक ओळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वापाच वाजता, म्हणजे लोकांचा एक पाय एसटीत असताना, प्रशिक्षकांनी स्वतःच्या हाताने हे अर्ज वाटले आणि ते समोरच उभे राहिले. समोर उभ्या असलेल्या सज्जन माणसाला तीन तारे देण्याइतका निष्ठुर माणूस आमच्या लेखा शाखेत नाही. सरासरी ४.८ आली.

साहेब प्रसन्न झाले. मीही झालो असतो. परंतु पंधरा दिवसांनी त्या शाखेत गेलो, तेव्हा तीच ३१ माणसे पूर्वीइतक्याच निष्ठेने कॅल्क्युलेटरवर बेरजा करत होती. मी अर्ज पुन्हा काढून वाचले. सूचनांच्या ओळीत ‘छान’, ‘अतिशय छान’, ‘निरंक’ आणि एकाची नुसतीच सही होती. संपूर्ण गठ्ठ्यात कामाचे उत्तर एकच होते: ‘दुसऱ्या दिवशी साडेतीनचा चहा गार होता.’ काय बिघडले आणि केव्हा बिघडले हे त्यात स्पष्ट होते, आणि त्यामुळे पुढच्या वेळी काय करायचे हेही कळत होते. चहाबद्दल माणसे इतके नेमके लिहितात, तर पिव्होट टेबलबद्दल का लिहीत नाहीत, या प्रश्नाने मला काही दिवस पछाडले. उत्तर लाजिरवाणे होते: चहाची चव त्यांनी आपणहून सांगितली होती, आणि पिव्होट टेबलबद्दल मी त्यांना फक्त आवडले का, एवढेच विचारले होते.

दुसऱ्या तुकडीसाठी मी नवा अर्ज लिहिला आणि छापण्यापूर्वी आस्थापना शाखेतील एका बाईंना भरायला दिला. ‘शिकवण्याचा वेग व भाषा योग्य होती का?’ या प्रश्नावर त्या थांबल्या. “भाषा योग्य होती, वेग नव्हता. आता मी ‘होय’वर खूण करू की ‘नाही’वर?” त्यांनी विचारले. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबण्याची ही सवय मला कार्यालयीन पत्रव्यवहारातून जडली असावी. बाईंनी २२ प्रश्नांपैकी १८ प्रश्नांना असेच अडवले, तेव्हा मी उरलेले चारच ठेवले.

त्यांतील पहिल्या प्रश्नात ताऱ्यांच्या जागी माणसाची अवस्था होती. उद्या पिव्होट टेबल करायला सांगितले तर एकट्याने जमेल, पायऱ्या लिहिलेला कागद समोर असेल तर जमेल, शेजारी कोणी बसले तर जमेल, की माझ्या कामात त्याचा उपयोग कुठे हेच कळले नाही? आणि ‘सूचना असल्यास’ या ओळीच्या जागी असे विचारले: ‘आपण कोठे अडलात, आणि त्या वेळी पडद्यावर काय दिसत होते?’ हा अर्ज चहाच्या आधी, प्रशिक्षकांना आदराने बाहेर पाठवून, नावाच्या रकान्याशिवाय भरून घेतला.

२८ जणांपैकी १५ जणांना कागद हवा होता. म्हणजे तिसरा दिवस वाढवण्याची गरज नव्हती, एक पान छापले की भागणार होते. अडल्याच्या प्रश्नाला ११ जणांनी `#N/A` एवढेच लिहिले होते. मला आधी वाटले, ही ‘निरंक’ची इंग्रजी आवृत्ती असावी. नंतर उलगडा झाला की एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात शोधून देणारे VLOOKUP वापरताना, क्रमांक सापडला नाही म्हणून, त्यांना पडद्यावर हेच दिसत होते. प्रशिक्षकांच्या नमुना फाइलमधील आकडे स्वच्छ होते. आमच्या प्रणालीतून निघणारे खाते क्रमांक मात्र, सुरुवातीची शून्ये टिकावीत म्हणून, मजकुराच्या रूपात येतात, आणि मजकूर असलेले ४५१२ व आकडा असलेले ४५१२ यांची एक्सेलच्या दृष्टीने ओळखदेखील नसते. प्रशिक्षकांना हे कळल्यावर त्यांनी पुढच्या तुकडीसाठी आमचीच फाइल, खातेदारांची नावे काढून, मागवली.

तीन आठवड्यांनी मी आणखी एकच प्रश्न पाठवला: ‘शिकलेले शेवटचे केव्हा वापरले, आणि वापरले नसल्यास काय आडवे आले?’ आपल्याला आवडेल असेच उत्तर येईल, अशी खात्री असल्याशिवाय हा प्रश्न विचारू नये. नऊ जणांनी, निरनिराळ्या शब्दांत, एकच लिहिले होते: ‘तक्ता एक्सेलमध्ये केला तरी साहेब तो कॅल्क्युलेटरवर तपासून मागतात.’

हे कोणत्याही प्रशिक्षकाच्या हाती नव्हते. मी धीर करून सगळी उत्तरे एका पानावर मांडली, एकट्याने जमणारे ६, कागद हवा असलेले १५, शेजारी हवा असलेले ५, उपयोग न कळलेले २, आणि खाली ते नऊ जणांचे वाक्य, आणि पान साहेबांपुढे ठेवले. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत शांतपणे वाचले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि खण उघडून कॅल्क्युलेटर बाहेर काढला.

बेरीज २८ बरोबर आली.