करदाते अंथरुणात, नोटीस पोर्टलवर

आजारी माणसाच्या पत्रात आजार फार असतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. प्राप्तिकराच्या नोटिशीला उत्तर द्यायला मुदत मागणारं पत्र बघा. पहिल्या परिच्छेदात थंडी वाजून ताप भरतो, दुसऱ्यात ऑक्सिजन उतरतो, तिसऱ्यात शेजारचे काका देवासारखे धावून येतात आणि चौथ्यात 'तरी थोडी मुदत द्यावी ही नम्र विनंती' म्हणून पत्र आटोपतं. पॅन नाही, नोटिशीचा क्रमांक नाही, थोडी म्हणजे किती तेही नाही. वाचून अधिकाऱ्याचे डोळे पाणावले तरी बिचारा तारीख कुठली टाकणार?

उदाहरणापुरते एक नाना घेऊ. 2024-25 या कर निर्धारण वर्षाचं त्यांचं विवरणपत्र छाननीला निघालंय. 10 नोव्हेंबर 2025 ला कलम 142(1) ची नोटीस येते, प्रश्न पाच, उत्तराची मुदत 25 नोव्हेंबर. 12 तारखेला नाना न्यूमोनियानं रुग्णालयात जातात, पैकी काही दिवस अतिदक्षता विभागात. 24 तारखेला घरी सोडतात आणि डॉक्टर तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगतात, म्हणजे 15 डिसेंबरपर्यंत. उत्तराच्या आदल्या दिवशी माणूस घरी आलाय, पण बसला की दम लागतोय.

घरच्यांना नोटिशीचा पत्ता असेलच असं नाही. ती पोस्टमन आणत नाही. ती पोर्टलवर आणि नोंदवलेल्या ईमेलवर येते. हा ईमेल पुष्कळदा सहा वर्षांपूर्वीच्या कर सल्लागाराचा असतो. पासवर्ड नानांच्या डोक्यात. तो नव्यानं बनवायचा तर आधारचा ओटीपी नानांच्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल रुग्णालयातून आणलेल्या पिशवीत, चार्जरशिवाय. म्हणून घरातल्या कुणी मोठा माणूस रुग्णालयात हलवला, की डबा पोचवणाऱ्यांपैकी एकानं त्याचा फोन चार्ज करायचं कामही अंगावर घ्यावं.

लॉगिन झालं की e-Proceedings मध्ये ती नोटीस उघडायची. तिथे Seek/View Adjournment असा पर्याय दिसतो. मुदतवाढ इथूनच मागायची, आणि मूळ मुदत संपायच्या आत. 'आधी बरे होऊ, मग बघू' हा सल्ला डॉक्टरनं दिला तर ठीक. 26 तारखेला गेलेलं पत्र हे मुदतवाढीचं पत्र राहत नाही, ते चुकीची कबुली होऊन बसतं. पर्याय उघडला की कुठल्या तारखेपर्यंत मुदत हवी आणि कारण काय, हे भरून कागद जोडायचे.

आता पत्र. वर नाव, पॅन, कर निर्धारण वर्ष, नोटिशीचं कलम, तिची तारीख आणि तिच्यावरचा लांबलचक डीआयएन क्रमांक. हा क्रमांक हातानं लिहू नये, पोर्टलवरून कॉपी करून चिकटवावा. त्यातला एक आकडा चुकला की पत्र दुसऱ्याच्याच नोटिशीची दया मागतं. मजकूर चार ओळींचा पुरतो: 'करदाते 12 नोव्हेंबर ते 24 नोव्हेंबर 2025 रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी 15 डिसेंबरपर्यंत पूर्ण विश्रांती सांगितली आहे. प्रश्न 3, 4 व 5 ची माहिती करदात्यांकडूनच मिळणार असल्याने उत्तरास 22 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत मिळावी. प्रश्न 1 व 2 ची उत्तरं सोबत दिली आहेत.' पाठवताना मात्र हे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावं. छाननी चेहराविरहित असते, समोरचा अधिकारी कुठल्या गावी बसलाय ते आपल्याला कळत नाही.

22 तारीख हवेतून आलेली नाही. विश्रांती 15 ला संपते, त्यानंतर बँकेचे जुने उतारे आणि नानांच्या कपाटातल्या वह्या धुंडाळायला एक आठवडा. अशी मोजलेली तारीख मागितली की अधिकाऱ्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. तीन महिने मागणाऱ्यानं एक गोष्ट लक्षात ठेवावी: नानांच्या या वर्षाची छाननी खात्याला 31 मार्च 2026 च्या आत संपवावी लागते. घड्याळ त्याच्याही उशाशी टिकटिकतंय. नोव्हेंबरात महिनाभर मागणं शोभतं, मार्चात आठवडा मागितला तरी कपाळाला आठी पडते.

सोबतची ती दोन उत्तरं मला पत्राइतकीच महत्त्वाची वाटतात. पगाराचा फॉर्म 16 आणि 26AS मधली करकपात दाखवायला नाना शुद्धीवर असायची गरज नाही; ते काम मुलगा करू शकतो. बचत खात्यात रोख 14 लाख कुठून आले, हे मात्र नानाच सांगू शकतात. म्हणून जेवढं हाती आहे तेवढं Partial Response म्हणून टाकावं. घाईत Full Response निवडलं, की उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन बंद दारासमोर उभं राहावं लागतं.

दाखल्याचं प्रकरण खास आहे. लोक अख्खी फाईल जोडतात. त्यात लघवीचा अहवाल, जेवणाचा तक्ता आणि औषधवाल्याची पावतीही येते. अधिकारी नानांवर उपचार करणार नाही. त्याला डिस्चार्ज कार्डाचं तारखांचं पान हवं आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा दाखला हवा, ज्यात 'अमुक तारखेपर्यंत कामकाज पाहण्यास असमर्थ' असं स्वच्छ लिहिलंय. नुसतं 'विश्रांतीचा सल्ला' लिहिलं तर किती दिवस, हा प्रश्न पुन्हा तिथेच. शिवाय एका जोडणीला 5 एमबीची मर्यादा असते, त्यामुळे मोबाईलवर काढलेले पंचवीस भव्य फोटो दारातच अडतात.

आणि नाव! रात्री दोनला दाखल करताना खिडकीवरच्या माणसानं 'पेशंटचं नाव?' विचारलं की घाबरलेला पुतण्या 'नानाकाका' सांगतो, आणि तेच छापलं जातं. पॅनवर भलतंच भारदस्त तीनपदरी नाव. असं झालं असेल तर दाखल्यावर पॅनवरचं नाव लिहून घ्यावं, नाहीतर आजारी माणूस एक आणि करदाता दुसरा ठरतो.

याहून फजितीची चूक म्हणजे पत्रात 'अत्यवस्थ' असलेल्या माणसानं त्याच आठवड्यात ओटीपी देऊन जीएसटीचं विवरणपत्र भरलेलं असणं. प्रत्यक्षात ते कारकुनानं केलेलं असतं. पण कागदावर नाना नाकात नळी असताना व्यापार करत असतात. असं काही झालं असेल तर ते पत्रातच एका ओळीत सांगून टाकावं.

विनंती पाठवली म्हणजे मुदत मिळाली, असं नाही. पोर्टलवर परत जाऊन मंजुरी आणि नवी तारीख बघायची. काहीच उत्तर दिसत नसेल तर जुनीच तारीख खरी धरावी आणि जमेल तेवढं उत्तर टाकावं. गप्प बसलात तर कलम 144 खाली अधिकारी स्वतःच्या अंदाजानं कर ठरवू शकतो, आणि नोटीस न पाळल्याचा 10,000 रुपये दंड कलम 272A मध्ये आहे. खरंखुरं सबळ कारण असेल तर 273B त्या दंडातून सोडवतं, पण ते कारण सिद्ध नानांनी करायचं, तेव्हा दाखल्याची मूळ प्रत जपून ठेवावी.

15 डिसेंबरनंतरही नानांचा दम ओसरला नाही आणि पुन्हा मुदत मागायची वेळ आली, तर तोच दाखला परत जोडू नये. त्या दाखल्यानं नानांना 15 तारखेलाच ठणठणीत करून ठेवलेलं असतं.