मीमकॉइनच्या पुलात पैसा असतो किती?

'अमुक कॉइनचं मार्केट कॅप चार लाख डॉलर' असं वाचलं की वाटतं, तेवढे पैसे कुठेतरी जमा आहेत. मीमकॉइनचा सगळा खेळ या गैरसमजावर चालतो. मार्केट कॅप म्हणजे नुसता हिशोब: एका कॉइनचा भाव गुणिले एकूण कॉइन.

मीमकॉइन ही क्रिप्टोकरन्सीच, पण तिच्यामागे धंदा नसतो, नफा नसतो. एखादा विनोद, एखादं कुत्रं किंवा एखाद्याचं नाव, एवढंच भांडवल. भाव ठरतो तो 'पुलात', म्हणजे खरेदी-विक्रीसाठी ठेवलेल्या सामायिक साठ्यात. पुलात एका बाजूला कॉइन, दुसऱ्या बाजूला खरे पैसे. दोन्हींचा गुणाकार कायम राहील अशा हिशोबाने भाव आपोआप हलतो.

समजा, कॉइन एकूण १०० कोटी. पुलात १० कोटी कॉइन आणि १०,००० डॉलर. भाव ०.०००१ डॉलर, म्हणजे मार्केट कॅप १ लाख. आता कुणा बड्या माणसाने पोस्ट टाकली आणि ती वाचून धावलेल्यांनी मिळून १०,००० डॉलर ओतले. पुलात २०,००० डॉलर झाले, कॉइन उरले ५ कोटी. भाव थेट चौपट! मार्केट कॅप ४ लाख. आले दहा हजार, 'वाढले' तीन लाख. या आकड्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि पुढची गर्दी तो बघूनच येते.

आता कॉइन काढणाऱ्याने स्वतःकडे आधीच ठेवलेले ४० कोटी कॉइन विकायला काढले. कागदावर त्यांची किंमत १,६०,००० डॉलर, पण पुलात आहेतच वीस हजार. त्याच्या हाती साधारण १७,८०० येतात. त्याला चालतं की, ते कॉइन त्याला जवळपास फुकटात पडलेले असतात! भाव मात्र ऐंशीपटीने पडतो. दहा हजार ओतणाऱ्यांनी आता सगळं विकलं तरी सगळ्यांना मिळून सव्वादोनशेच्या आसपास मिळतील.

१४ फेब्रुवारी २०२५ ला अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई यांनी 'लिब्रा' या कॉइनबद्दल पोस्ट टाकली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर झालं. मार्केट कॅप ४०० कोटी डॉलरच्या वर गेलं आणि काही तासांत ९० टक्क्यांहून जास्त कोसळलं. मिलेईंनी पोस्ट काढून टाकली, पण तोवर मोजक्या वॉलेटांनी, म्हणजे क्रिप्टो खात्यांनी, पुलातून कोट्यवधी डॉलर काढले होते.

कमावतात कोण? कॉइन काढणारे, आणि पहिल्याच सेकंदांत बॉट, म्हणजे आपोआप व्यवहार करणारे प्रोग्राम, लावून खरेदी करणारे. शिवाय कॉइन बनवून देणारे प्लॅटफॉर्म. त्यांना प्रत्येक व्यवहारावर फी मिळते, भाव चढो की पडो. मला विचाराल तर सगळ्यात हुशार धंदा त्यांचाच.

'मी लवकर शिरून लवकर निघेन' असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. पण पोस्ट तुमच्यापर्यंत पोचते तेव्हा लवकरची वेळ बहुतेक टळलेलीच असते. शिरायचंच असेल तर मार्केट कॅप सोडा. पुलात खरे पैसे किती आहेत आणि वरच्या दहा वॉलेटांकडे किती कॉइन आहेत, हे दोन आकडे बघा. ब्लॉकचेन एक्सप्लोरर, म्हणजे कॉइनचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, दोन्ही उघड दिसतात. अर्थात, एकाच माणसाने पन्नास वॉलेटांत माल वाटून ठेवला असेल, तर दुसरा आकडाही फसवतो.